लावणींतील 'नाव' : द्व्यर्थी शृंगार व परभाषी श्रोता

ज्यांच्या दप्तरांत शाहिरी कवनांचीं बाडें आहेत अशा संग्राहकांपुढें एक विषय मांडावा असें पुष्कळ दिवस मनांत होतें. त्यास निमित्त घडलें तें गेल्या जत्रेच्या दिवसांत. प्रारंभींच एक खुलासा करणें अवश्य आहे. हा लेख आम्ही जुन्या, अनुस्वारयुक्त लेखनपद्धतीनें लिहिला आहे. तो जुन्याचा हट्ट नव्हे. ज्या एका शब्दावर हा सारा लेख उभा आहे, त्याचे दोन अर्थ कागदावर वेगळे दाखविण्यास दुसरें साधन नाहीं.

वैतरणा नदी त्र्यंबकच्या डोंगरांत उगम पावून अर्नाळा आणि दातिवरें यांच्या मधून समुद्रास मिळते. तिच्या उत्तरेकडील कांठच्या एका गांवीं, आम्ही राहतों तेथून जवळच, जत्रेस देशावरचा एक तमाशाचा फड आला होता. आमच्या शेजारीं एक गुजराथी गृहस्थ बसले होते. सुरतेस सारा जन्म काढून, वृद्धापकाळीं ते बोईसर येथें मुलीकडे राहावयास आले आहेत. मराठी त्यांस बाजारापुरतीही येत नाहीं. परंतु ते अरसिक नव्हेत. दयारामाच्या कित्येक गरब्या त्यांस मुखोद्गत आहेत, आणि गोपीचें लटकें रागावणें म्हणजे काय हें त्यांस आम्हीं शिकवावें अशी स्थिति नाहीं. हें मुद्दाम सांगतों, कारण लावणी परभाषी माणसास कळली नाहीं म्हणजे त्याच्या रुचीस दोष देण्याची आपल्यांत एक खोड आहे.

नायिका खाडीच्या कांठीं सांजवेळीं उभी आहे व नावाड्यास हांक मारीत आहे, असा प्रसंग चालला होता. एका ओळीवर सारा मांडव हसला. गृहस्थांनीं आमच्याकडे पाहिलें. आम्ही अर्थ सांगितला. त्यांनीं मान हालविली, परंतु हसले नाहींत. पुन्हां सांगितला, या वेळीं दोन्ही अर्थ निरनिराळे करून. तेव्हां ते थोडे संकोचून म्हणाले, "म्हणजे बाई वाईट बोलली काय?" आम्हांस पटकन् उत्तर सुचलें नाहीं. बाई कांहींच वाईट बोलली नव्हती. वाईट बोललों होतों तें आम्ही.

मुळांतील ओळी येथें देत नाहीं. त्याच बेताचें एक साधें वाक्य आम्हीं स्वतः रचिलें आहे, तें पुढें ठेवून विचार करूं. तें असें : "नावाड्या, नाव लावशील तर येईन, भरतीची वेळ आहे, नाव बुडवूं नको." यांत कवित्व नाहीं, पण यंत्र तेंच आहे. एक अर्थ सरळ आहे : होडी कांठास लाव म्हणजे मी बसतें, पाणी चढलें आहे, होडी बुडवूं नकोस. दुसरा अर्थ मांडव ज्यास हसला तो : तुझें नांव मला लावशील तर येतें, माझें वय भरतीचें आहे, माझ्या नांवास कलंक लावूं नकोस.

प्रथम शब्दाचा इतिहास पाहूं, कारण अडचणीचें मूळ तेथेंच आहे. 'नाव' म्हणजे होडी हा शब्द संस्कृत 'नौ'पासून आला. 'नांव' म्हणजे अभिधान हा 'नाम' शब्दापासून. मूळ संस्कृतांत या दोहोंचा ध्वनि मुळींच जुळत नाहीं, म्हणून कोणाही संस्कृत कवीस यांवर श्लेष करितां आला नसता. पुढें अपभ्रंशांत स्वरांमधील मकाराचा सानुनासिक वकार झाला. 'ग्राम' याचें 'गांव' झालें, 'नाम' याचें 'नांव' झालें. त्या वकारावरील नाकांतला सूर देशावरच्या बोलींत हळूहळू नाहींसा झाला व लेखनांत तेवढा एक न उच्चारलेला टिंब राहिला. अशा रीतीनें दोन भिन्न कुळांतील शब्द मराठीच्या अंगणांत येऊन एकरूप झाले. शाहिरानें हा श्लेष घडविला असें म्हणणें फारसें खरें नाहीं; भाषेनें तो घडवून ठेविला होता, शाहिरानें उचलला.

आतां वैतरणेच्या उत्तरेस चला. गुजराथींत होडीस 'नाव'च म्हणतात. परंतु नांवास 'नाम' म्हणतात, कारण तेथें तो मकार टिकला. गांवास 'गाम' म्हणतात तेंही याच न्यायानें. म्हणजे आमच्या स्नेह्यांस दोन्ही शब्द ठाऊक होते, दोन्ही कल्पना ठाऊक होत्या. इतकेंच नव्हे, 'नाम बोळवुं' हा कुळास बट्टा लावण्याच्या अर्थाचा वाक्प्रचारही त्यांच्या भाषेंत आहे. सर्व सामग्री असून घर उभें राहिलें नाहीं, कारण त्यांच्या भाषेंत हे दोन शब्द एकमेकांस कधीं भेटलेच नाहींत. फार दूरच्या भाषेच्या माणसास समजाविणें यापेक्षां सोपें जातें, कारण तो सर्वच टीकेवर सोंपवून मोकळा होतो. जवळच्या भाषेच्या श्रोत्यास होडी ऐकूं येते, ती पुरेशी वाटते, आणि आपलें कांहीं चुकलें आहे अशी शंकाही त्याच्या मनास शिवत नाहीं.

याचा एक पडताळा त्याच रात्रीं मिळाला. आमच्या मागें तारापूरच्या कारखान्यांत काम करणारा एक भोजपुरी तरुण उभा होता. तो योग्य ठिकाणीं हसला. मध्यंतरांत त्यास विचारतां त्यानें सांगितलें कीं त्याच्या बोलींत नांवास 'नाँव'च म्हणतात. तेथेंही मकाराचा वकार झाला आहे. नाकांतला सूर त्याच्याकडे अद्याप आहे, तरी कानास तेवढें अंतर तोडतां आलें. 'नाव बुडवूं नको' यांतील दुसरा अर्थ त्यास लागला, कारण हिंदींत नाम डुबोना आहे. 'नाव लावशील तर' येथें मात्र त्यास होडीपलीकडे कांहीं दिसलें नव्हतें. त्याचें कारण व्याकरणांत व रूढींत आहे, तें पुढें येईल. उलट गोमंतकीय कोंकणींत 'नांव' अद्याप स्पष्ट नाकांतून उच्चारतात, त्यामुळें तेथील जुन्या माणसास दोन शब्द वेगळेच ऐकूं यावेत. तात्पर्य, हा विनोद मराठी येणाऱ्या सर्वांचाही सारखा नाहीं.

आतां व्याकरण. भर्तृहरीनें 'वाक्यपदीया'ंत अनेकार्थी शब्दाचा अर्थ एका जागीं बांधून टाकणाऱ्या कारणांची एक मालिका दिली आहे. मम्मटानें ती 'काव्यप्रकाशा'ंत घेतली. त्यांत 'व्यक्ति' म्हणजे लिंग हें एक कारण आहे. 'मित्र' शब्द पुल्लिंगीं आला तर सूर्य, नपुंसकलिंगीं आला तर स्नेही, हें उदाहरण आम्हीं शाळेंत शेंकडों वेळां फळ्यावर लिहिलें असेल. मराठींतील 'नाव' अगदीं तशीच आहे. होडी ती स्त्रीलिंगी, अभिधान तें नपुंसक. 'तुझी नाव' म्हटलें कीं होडीच. 'तुझें नांव' म्हटलें कीं अभिधानच. एक षष्ठीचा प्रत्यय लागला तरी खेळ संपला.

यावरून शाहिराचें खरें कसब कोठें आहे तें दिसेल. वरील वाक्यांत 'तुझी' किंवा 'तुझें' नाहीं, विशेषण नाहीं, 'मला' नाहीं, कारण 'मला नाव लावशील' म्हणतांच होडी दूर होते. आणि भूतकाळ नाहीं. मराठींत सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळांत क्रियापद कर्माचें लिंग धरतें. 'नाव लावली' म्हणजे होडी, 'नांव लावलें' म्हणजे अभिधान. अकर्मकांतही तीच गत : 'नाव बुडाली', 'नांव बुडालें'. याउलट आज्ञार्थ व भविष्य हीं रूपें कर्माच्या लिंगास शिवत नाहींत, आणि 'नाव बुडेल' या वाक्यांत तर कर्त्याचेंही लिंग उमटत नाहीं. म्हणून असल्या ठिकाणीं नायिका नेहमीं 'लाव', 'नको', 'करशील', 'येईन' असें बोलते. शृंगारांत झाल्या गोष्टीपेक्षां व्हावयाची गोष्ट अधिक गोड असते हें रसिकांचें म्हणणें खरेंच असेल. परंतु व्याकरणाचीही तीच सोय आहे. बाडांत एखाद्या द्व्यर्थी चरणांत अकस्मात् भूतकाळ आढळला तर तो पाठ संशयास्पद मानावा. गाणाराची चूक, लेखकाची चूक, किंवा मागाहून कोणी सोंवळें करण्यासाठीं केलेला फेरफार, यांपैकीं कांहीं तरी तेथें असण्याचा संभव फार.

परभाषी श्रोत्यास हें सांगावयाचें म्हणजे काय न म्हटलें तें सांगावयाचें. भाषांतरकारापुढें तर याहून मोठें संकट आहे. इंग्रजींत 'नाव लाव' हें षष्ठीवांचून किंवा 'मला' घातल्यावांचून नीट उभेंच राहत नाहीं. तो बिचारा वाक्य पुरें करितो आणि पुरें करितांच एक अर्थ मारतो. अक्वर्थ यांनीं 1894 सालीं मराठ्यांच्या कवनांचें जें पुस्तक इंग्रजी पद्यांत प्रसिद्ध केलें, त्यांत उतरविले ते पोवाडे होत. पोवाड्यांतील किल्ला, घोडा, तरवार हीं कोणत्याही भाषेंत जाऊन आपलीं राहतात. लावणीच्या वाटेस ते गेले नाहींत याचा आम्हांस विषाद वाटत नाहीं.

येथें एक प्रचलित गैरसमज काढून टाकणें जरूर आहे. लावणींतील असल्या स्थळास सरसकट 'श्लेष' म्हणतात, आणि टीपेंत 'येथें श्लेष आहे' असें लिहून संपादक मोकळे होतात. आम्हीही पूर्वीं तसेंच करीत होतों. श्लेषांत दोन्ही अर्थ सारख्याच मानानें सांगावयाचे असतात. कविराजाचें 'राघवपाण्डवीय' घ्या : एकाच श्लोकांतून रामकथाही सांगावयाची आहे आणि पांडवांचीही. तेथें टीकाकारानें आधीं एक व मग दुसरा असे दोन अर्थ क्रमानें लिहिले तर कवीचा कांहीं गुन्हा होत नाहीं. परंतु जेथें प्रकरणानें शब्द एका अर्थीं बांधला गेला आहे आणि दुसरा अर्थ केवळ सूचित होतो, तेथें आलंकारिक श्लेष मानीत नाहींत; तो शब्दशक्तिमूल ध्वनि. लावणीची नायिका नावाड्याशीं बोलते आहे, समोर खाडी आहे, प्रकरण होडीचें आहे. ती होडीविषयींच बोलते. दुसरा अर्थ ती बोलत नाहीं, श्रोता ऐकतो. आणि तो ऐकल्याचें श्रोत्यानेंच हसून कबूल केल्यावर ती डोळे मोठे करून त्यासच विचारूं शकते कीं, होडीचें बोललें त्यांत हसण्यासारखें काय? रंगभूमीवर नेमकें तेंच होतें. सोंगाड्या तिच्या वतीनें तो प्रश्न विचारतो व दुसऱ्यांदा हशा पिकतो.

नाकबूल करण्याची ही मुभाच त्या शृंगारांतील खेळ होय. अर्थ सांगणारा ती मुभा काढून घेतो. गाहासत्तसईंतील स्त्रिया महाराष्ट्री प्राकृतांत पांथस्थाशीं असेंच बोलत. सासू कोठें निजते व आपण कोठें निजतों हें रातांधळ्या वाटसरूस काळजीपूर्वक दाखवून, चुकून आमच्या अंथरुणावर पडूं नकोस असें बजावणारी स्त्री ध्वनिविचारांत अजरामर झाली आहे. परंतु ती गाथा परभाषेंत नेली तरी फारशी कोमेजत नाहीं, कारण तेथें ध्वनि अर्थावर उभा आहे. अंथरूण कोणत्याही भाषेंत अंथरूणच. मम्मटाची कसोटी प्रसिद्ध आहे : शब्दाच्या जागीं पर्याय घालून पाहावा, चमत्कार टिकला तर तो अर्थाचा, गेला तर शब्दाचा. भाषांतर म्हणजे सर्व शब्दांच्या जागीं एकदम पर्याय घालणें. आमच्या वाक्यांत 'नाव' काढून 'होडी' घाला. मराठी मराठीच राहून लावणी नाहींशी होते. मग गुजराथीची काय कथा!

इतकें सगळें आम्हीं दुसऱ्या दिवशीं त्या गृहस्थांस समजाविलें. ते विद्वान् होते, त्यांस पटलें. तरी एक गोष्ट राहिलीच, व ती सांगतांना आमचाच आवाज थोडा बदलला. 'नांव लावणें' म्हणजे काय? मराठी स्त्री लग्नानंतर नवऱ्याचें नांव लावते, मूल बापाचें लावतें, शेताच्या उताऱ्यावर मालकाचें नांव लागतें. या शब्दांत हक्क आहे. जी स्त्री फडावर उभी राहून हें वाक्य म्हणते तिच्या घराण्यांत काय चाल होती? कोल्हाटी समाजाच्या कित्येक कुटुंबांत नाचणारी मुलगी लग्न करीत नसे. ज्यानें तिला ठेविलें त्याचें नांव तिला अगर तिच्या मुलांस मिळत नसे, मुलें आईचें नांव लावीत. किशोर शांताबाई काळे यांचें 'कोल्हाट्याचं पोर' हें आत्मचरित्र 1994 सालीं प्रसिद्ध झालें. लेखकाच्या नांवांत मधल्या जागीं आई आहे, बाप नाहीं. तें पुस्तक वाचल्यावर 'नाव लावशील तर येईन' या शब्दांकडे आम्हांस पूर्वींच्या नजरेनें पाहतां आलें नाहीं. मांडवांतील पुरुष ज्यास नखरा समजून हसतात, तो गाणारीच्या तोंडीं एक अगदीं खरा सवाल असूं शकतो. आणि होडीच्या आड उभी राहूनच ती तो विचारूं शकते. म्हणजे दोन अर्थांच्या खालीं तिसरा एक आहे, आणि तो मराठी श्रोत्यांपैकींही थोड्यांनाच ऐकूं येतो. भोजपुरी तरुणास 'लावशील' कळलें नाहीं तें यामुळें. त्यास आमच्या व्यवहारांतील तो वाक्प्रचार ठाऊक नव्हता. आणि ठाऊक असता तरी, आमच्याप्रमाणें, तो हसलाच असता.

आतां संग्राहकांच्या कामाचा भाग. आमच्याजवळ याच टापूंतील एका घरांतून आलेलें मोडी बाड आहे. सुमारें तीस वर्षांपूर्वीं आम्हीं त्याची बाळबोध नक्कल केली. मोडींत अनुस्वार बहुधा गाळलेले असतात, इकार-उकारांचा ह्रस्वदीर्घ भेद राखलेला नसतो आणि एकदां ओढलेल्या रेघेखालीं शब्द सलग चालतात. आम्ही पडलों शाळामास्तर. जेथें जेथें 'नाव' आलें तेथें संदर्भ पाहून आम्हीं टिंब दिलें किंवा दिलें नाहीं, आणि आपण शुद्ध प्रत तयार केली या समाधानांत राहिलों. वस्तुतः प्रत्येक टिंबासरशीं आम्हीं एक अर्थ खोडीत होतों. 1962 च्या नियमांनीं न उच्चारलेला अनुस्वार लेखनांतून गेला. आम्हीं त्या वेळच्या वादांत तो राखावा या पक्षाचें म्हणणें वाचून तें मान्य केलें होतें व आजही या लेखापुरता तो राखिलाच आहे. परंतु कबूल करणें प्राप्त आहे कीं मोडी लेखक आणि नवे नियम या दोघांनीं लावणीस जो न्याय दिला तो आमच्या शुद्धलेखनानें दिला नाहीं.

शब्द तोडण्यांत तर याहून सूक्ष्म घात होतो. मोडींत 'नावलावीना' असें सलग लिहिलेलें आहे असें समजा. 'नाव लावीना' असें तोडलें तर ती लावावयास तयार नाहीं. 'नाव लावी ना' असें तोडलें तर ती लावीत असे, होय ना, असा लाडिक पुरावा. नकार आणि होकार यांत एका फटीचें अंतर, आणि ती फट गाणारी आपल्या इच्छेप्रमाणें ठेवते. पहिल्या वेळीं ईकार आंखूड घेऊन, पालटतांना लांबवून. म्हणून अशा जागीं नकलकारानें मोडींतील अक्षरें जशीचीं तशीं सलग द्यावीं व तोडीचे दोन्ही प्रकार समासांत नोंदावे. अर्थ लिहूं नये. अर्थाऐवजीं त्या शब्दाचे मराठींतील प्रयोग नोंदावे : नाव लावणें, काढणें, घेणें, ठेवणें, बुडविणें, सोडणें. हे प्रयोग वाचून परभाषी अभ्यासक स्वतः अर्थापर्यंत पोहोंचला तर त्यास निदान अर्धा हशा मिळेल. आम्हीं सांगितला तर मुळींच नाहीं.

याप्रमाणें त्या बाडाची नक्कल आम्हीं पुन्हां करावयास घेतली आहे. जुन्या नकलेंतील टिंबें लाल शाईनें खोडीत चाललों आहों. ते गुजराथी स्नेही अधूनमधून येऊन बसतात, आणि एखादी ओळ मोठ्यानें वाचली तर अर्थ न विचारतां आमच्या चेहऱ्याकडे पाहतात. एकतिसाव्या पानावर असाच एक 'बोलेना' आहे. तो तोडावा कीं सलग ठेवावा हें अद्याप ठरलेलें नाहीं, कारण त्याच चरणाच्या शेवटीं कागद कसरीनें खाल्ला आहे आणि पुढचें क्रियापद गेलें आहे. त्या पदाची दुसरी प्रत कोणाच्या संग्रहीं असेल तर कळवावें.